ऐकू, की काही करू?

दिल्लीच्या वसतिगृहातून एका ज्युनिअरचा रात्री मेसेज आला: "दादा, गाईड सगळ्यांसमोर नको ते बोलले. नको झालंय सगळं." मी लगेच तक्रारीचा मसुदा पाठवला. तो गप्पच झाला. दोन दिवसांनी म्हणाला, "मला फक्त सांगायचं होतं."

आता मी आधी त्याचेच शब्द धरतो: "सगळ्यांसमोर बोलले, लागलं असेल." मग विचारतो, "आत्ता नुसतं ऐकू, की काय करता येईल ते बघू? नंतर सांगितलंस तरी चालेल." उत्तर येईपर्यंत ऐकतो.

मात्र "नको झालंय" वाचलं की मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारतो. विचारल्याने ते मनात भरत नाहीत. हो म्हणाला, तर लगेच फोन करतो, जवळ कुणाला तरी बसवतो आणि टेलि-मानसचा १४४१६ लावून देतो.