आठाचा आकडा आणि आपलं वीजबिल

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी मोबाईलवर वीजबिलाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "दर महिन्याला सातशेच्या आसपास येतं, या वेळी जवळजवळ तेराशे. घरात नवीन काहीच आणलं नाही." आम्ही सगळ्या तो फोटो मोठा करून बघत बसलो. काय काय दिसलं, ते आज तुम्हाला सांगतो. तुमचंही बिल हातात घ्या.

आधी युनिट म्हणजे काय ते बघू. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट वीज खर्च होते. पंचाहत्तर वॅटचा पंखा साधारण तेरा तास फिरला, की एक युनिट झालं. मीटर ही युनिटंच मोजत राहतं. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा केलं की त्या महिन्याचा वापर मिळतो. ताईंच्या बिलावर मागील रीडिंग २३५० होतं, चालू रीडिंग २४८५. म्हणजे वापर १३५ युनिट.

आता पैसे कसे लागले ते बघा. दर बदलत असतात. आम्ही सांगतो ते २०२४-२५ सालचे, या बिलावरचे. तुमचे दर बिलाच्या मागच्या बाजूच्या तक्त्यात बघा.

पहिली ओळ स्थिर आकाराची, १२८ रुपये. वीज वापरा की नका वापरू, जोडणी आहे म्हणून तो द्यावाच लागतो. दुसरी ओळ वीज आकाराची, आणि खरी मेख इथंच आहे. पहिल्या १०० युनिटांना दर ४ रुपये ७१ पैसे. त्यापुढे ३०० पर्यंतच्या युनिटांना १० रुपये २९ पैसे, म्हणजे दुपटीहून जास्त. ताईंचे पहिल्या शंभराचे ४७१ आणि वरच्या पस्तिसाचे ३६० रुपये झाले. तिसरी ओळ वहन आकाराची. तारांवरून वीज घरापर्यंत आणण्याचे हे पैसे, युनिटमागे १ रुपया १७ पैसे, एकूण १५८ रुपये. इंधन समायोजन आकार त्या महिन्यात शून्य होता. वीज तयार करायला किंवा विकत घ्यायला जास्त खर्च आला की तो इथं येतो. या सगळ्याची बेरीज १११७, आणि तिच्यावर सरकारचं वीज शुल्क १६ टक्के, म्हणजे १७९ रुपये. झाले १२९६.

म्हणजे हिशेब बरोबर होता. मग चूक कुठं? आमच्यातली एक म्हणाली, "अगं, बिलावर मीटरचा फोटो छापलाय, तो बघा की." फोटो अंधुक होता, पण आकडा २४८५ नव्हे, २४३५ वाटत होता. तीनाचा आठ झाला होता! ताईंनी मीटरपाशी जाऊन पाहिलं. बिलावरच्या रीडिंगच्या तारखेला आठ दिवस उलटून गेले होते, तरी मीटरवर २४५८च होतं. मीटर मागं जात नाही. म्हणजे २४८५ हे चुकीचंच.

खरा वापर ८५ युनिट. त्याचं बिल होतं ७२८ रुपये. चूक पन्नास युनिटांची, पण फटका ५६८ रुपयांचा, कारण त्यातली ३५ युनिटं महागड्या टप्प्यात गेली.

शेजारीण म्हणाली, "भरून टाक. पुढच्या महिन्यात तेवढी युनिटं कमी येतील." ते खरं आहे, पण अर्धंच. समजा पुढच्या महिन्यातही खरा वापर ८५ च झाला. बिल ३५ युनिटांचं येईल, पण कमी झालेली पन्नास युनिटं सगळी स्वस्त टप्प्यातली असतील. त्यांचे परत मिळतील ३४१ रुपये. २२७ रुपये कायमचे गेले.

म्हणून ताईंनी मीटरचा नवा फोटो काढला. त्यात मीटर नंबर आणि आकडा दोन्ही स्पष्ट येतील असं पाहिलं. बिलाची झेरॉक्स जोडून, शेवटच्या तारखेआधी वीज कार्यालयात लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. आठवड्याभरात दुरुस्त बिल आलं, ७२८ रुपयांचं.

तक्रार केली म्हणून बिल तसंच ठेवून देऊ नका. तारीख चुकली की सव्वा टक्का विलंब आकार लागतो. निकाल लागायला वेळ लागला, तर २००३ च्या वीज कायद्यात, कलम ५६ मध्ये सोय आहे. "हरकत ठेवून भरत आहे" असं लिहून, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती भरायची. मग वाद मिटेपर्यंत त्या बिलासाठी वीज तोडता येत नाही.

आता आमच्या गटात एक सवय लागली आहे. बिल आलं की आधी रक्कम नाही, मीटरचा फोटो बघायचा. आज संध्याकाळी तुम्हीही बघा. तीन, आठ, शून्य, सहा हे आकडे जरा नीट निरखा.