साठाव्या वर्षी पहिला आरोग्य विमा



भारतात सर्वसाधारण विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' ही योजना १९८६ साली सुरू केली. पुढे बराच काळ साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसाला नवे विमापत्र मिळणे दुरापास्त असे. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली नियमांत बदल केले आणि प्रवेशाच्या वयाची जुनी मर्यादा दूर झाली. मात्र दार उघडले म्हणजे आतील सर्व अटी अनुकूल झाल्या, असे नव्हे. साठाव्या वर्षी पहिल्यांदाच विमा घेणाऱ्याने कोणत्या गोष्टी पारखून घ्याव्यात, एवढ्याच मर्यादित विषयावर मी आज बोलणार आहे.

एक उदाहरण समोर ठेवू. साताऱ्याकडील एक दुकानदार गृहस्थ आहेत असे समजा. वय साठ. सहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. अन्य तक्रार नाही. आजवर विमा घेतलेला नाही. आता ते ५ लाख रुपयांच्या विम्यासाठी प्रस्तावपत्र भरावयास बसले आहेत.

या वयात बहुतेक कंपन्या वैद्यकीय तपासणी मागतात. साधारणतः दहा-बारा तास उपाशी राहून रक्त द्यावे लागते. त्यातून उपाशीपोटीची साखर, मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी चाचणी, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या केल्या जातात. लघवीची तपासणी, हृदयाचा विद्युत् आलेख, वजन-उंची आणि रक्तदाब यांची नोंद होते. विमा रक्कम मोठी असल्यास अथवा आलेखात काही आढळल्यास पट्ट्यावर चालवून हृदयाची चाचणी किंवा सोनोग्राफीही सांगितली जाते. काही कंपन्यांचे डॉक्टर दूरध्वनीवरून प्रश्न विचारतात व ते संभाषण ध्वनिमुद्रित होते. या चाचण्यांचा खर्च कोणी सोसावयाचा, हे आधीच विचारून घ्यावे. तपासणीच्या दिवशी रक्तदाबाची गोळी बंद ठेवू नये. गोळी घेऊन आलेला आकडा आणि गोळीची नोंद, या दोन्हींवरूनच कंपनीला खरी स्थिती कळते.

आपल्या गृहस्थांची एचबीएवनसी ६.८ आली. हे प्रमाण ६.५ किंवा त्याहून अधिक असल्यास ते मधुमेहाच्या कक्षेत धरले जाते. म्हणजे जो विकार त्यांना ठाऊकच नव्हता, तो या तपासणीने उघड केला. अशा वेळी कंपनीपुढे तीन मार्ग असतात. ती वाढीव हप्ता मागू शकते, काही अटी घालू शकते किंवा प्रस्ताव नाकारू शकते. वाढीव हप्त्याचा अथवा अटीचा प्रस्ताव आला, तर विमेदाराची संमती घेतल्याखेरीज तो लागू होत नाही. एका कंपनीने नाकारले तरी दुसरी स्वीकारू शकते. परंतु दुसऱ्या प्रस्तावपत्रात पहिल्या नकाराचा प्रश्न असल्यास त्याचे खरे उत्तर द्यावे लागते.

येथेच अनेकांना मोह होतो. 'रक्तदाब लिहू नका, हप्ता वाढेल,' असा सल्ला देणारेही भेटतात. तो ऐकू नये. पुढे रुग्णालयातील कागदावर 'सहा वर्षांपासून रक्तदाब' अशी नोंद झाली की कंपनी ती प्रस्तावपत्राशी ताडून पाहते आणि दावा नाकारते. प्रसंगी विमापत्रही रद्द करते. सलग साठ महिने विमा चालू राहिल्यानंतर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दडविल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पण तोवरची पाच वर्षे ही टांगती तलवार कशाला बाळगावी? रक्तदाब, त्याची गोळी आणि नव्याने आढळलेली साखर हे सर्व लिहून द्यावे आणि भरलेल्या प्रस्तावपत्राची प्रत जपून ठेवावी.

खरे सांगितल्याने विमा निरुपयोगी होत नाही. काही काळ थांबावे लागते इतकेच. हा प्रतीक्षाकाळ तीन प्रकारचा आहे. पहिले तीस दिवस अपघात वगळता कोणताही दावा चालत नाही. मोतीबिंदू, हर्निया, सांधेबदल यांसारख्या ठरावीक उपचारांसाठी बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. आधीपासून असलेल्या विकारांसाठी हा काळ जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. २०२४ पूर्वी तो ४८ महिन्यांपर्यंत असे. आपल्या गृहस्थांना तिसऱ्या महिन्यात डेंग्यू झाला, तर तो खर्च मिळेल. परंतु दुसऱ्या वर्षी मधुमेहामुळे पायाची जखम चिघळली, तर तो मिळणार नाही. म्हणून साठीत विमापत्र निवडताना हा काळ किती कमी आहे, हे प्रथम पाहावे. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन तो कमी करून देतात.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा आणि सहभागाची अट. ज्येष्ठांच्या स्वस्त विमापत्रांत या दोन्ही अटी वारंवार आढळतात. समजा, चौथ्या वर्षी या गृहस्थांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला आणि एकूण देयक ३,२०,००० रुपयांचे झाले. त्यात चार दिवसांचे खोलीभाडे ३२,०००, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह व शुश्रूषा यांचे १,६०,०००, औषधे, स्टेंट व चाचण्यांचे १,२०,००० आणि विम्यात न बसणाऱ्या किरकोळ वस्तूंचे ८,००० रुपये आहेत.

विमापत्रात खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये मान्य आहे. खोली घेतली ८,००० रुपयांची. येथे केवळ भाड्यातील फरक कापला जाईल, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात डॉक्टर व शस्त्रक्रियागृहाचा आकारही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच-अष्टमांश धरला जातो. औषधे, स्टेंट व चाचण्यांना ही कपात लागत नाही. तेव्हा मान्य रक्कम २०,०००, १,००,००० आणि १,२०,००० मिळून २,४०,००० रुपये होते. त्यात वीस टक्के सहभागाची अट असेल तर आणखी ४८,००० वजा होतात. कंपनी १,९२,००० रुपये देते आणि गृहस्थांना पदरचे १,२८,००० भरावे लागतात. या दोन अटी नसत्या, तर त्यांना केवळ ८,००० रुपये द्यावे लागले असते. दोन विमापत्रांच्या हप्त्यांतील वार्षिक फरक या १,२०,००० रुपयांशी ताडून पाहावा, मगच स्वस्त कोणते ते ठरवावे. सहभागाची अट टळत नसेल, तर निदान खोलीभाड्याची मर्यादा नसलेले विमापत्र घ्यावे. तेही न जमल्यास दाखल होताना मर्यादेतीलच खोली मागावी.

तिसरी गोष्ट हप्त्याच्या वाढीची. साठीनंतर हप्ता वयोगटानुसार वाढत जातो. म्हणून आजचा हप्ता विचारताना पासष्टीचा आणि सत्तरीचा तक्ताही मागावा. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा असल्यास प्राधिकरणाशी आधी विचारविनिमय करावा, असा निर्देश जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना देण्यात आला. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे. तथापि जो हप्ता पुढे झेपणार नाही, तो आज पत्करू नये. विमा मध्येच खंडित झाला, की पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळही वाया जातो. सत्तरीनंतर केंद्राच्या आयुष्मान योजनेचे कवच उत्पन्नाची अट न लावता मिळते, हेही हिशेबात धरावे. परंतु ते योजनेतील रुग्णालयांपुरतेच असते.

विमापत्र हाती आल्यावर पसंत न पडल्यास परत करण्यासाठी तीस दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत तीन कागद शेजारी ठेवून वाचावेत : आपले प्रस्तावपत्र, तपासणीचा अहवाल आणि विमापत्रातील 'आधीचे विकार' हा रकाना. आपल्या गृहस्थांच्या त्या रकान्यात रक्तदाब व मधुमेह ही दोन्ही नावे असली पाहिजेत. एखादे गळले असेल, तर त्यात आनंद मानू नये. कंपनीला लेखी कळवून नोंद करून घ्यावी आणि पोच घ्यावी. पुढे दाव्याच्या वेळी हाच कागद त्यांच्या बाजूने साक्ष देईल.