दोन प्रश्नांचा फरक: मुलाची पहिली बुद्धिमापन चाचणी तपासताना

आज थोडा वेगळा विषय. समजा, अलिबागकडच्या एका सेंटरमध्ये शिकाऊ मानसशास्त्रज्ञ पहिल्यांदाच एका मुलाची चाचणी घेतेय. तिच्या सीनियरने नेमकं काय बघायचं?

चाचणी आहे बिने-कामत. व्ही. व्ही. कामत यांनी 1930च्या दशकात बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, ती आजही आपल्याकडे वापरतात. लहान वयाच्या पातळ्यांवर प्रत्येकी सहा प्रश्न असतात, आणि एका बरोबर उत्तराचे 2 महिने. सगळे सहा जमले ती पायाची पातळी. सगळे सहा चुकले की थांबायचं.

आधी वय तपासायचं. मुलाचा जन्म 30 नोव्हेंबर 2016, चाचणी 12 ऑगस्ट 2024. नुसती वर्षं वजा केली तर 8 येतात, पण खरं वय 7 वर्षं 8 महिने, म्हणजे 92 महिने. दाखल्यावरची तारीख बघून सीनियरने हे स्वतः मोजायचं.

आता गुण. चार वर्षांच्या पातळीवर सगळे बरोबर, म्हणजे 48 महिने. पाचला चार, सहाला दोन, सातला एक, आठला शून्य. 8, 4 आणि 2 मिळवले की मानसिक वय 62 महिने. 62 भागिले 92 गुणिले 100, बुद्ध्यांक 67.

पण शिकाऊ ताईच्या कागदावर 72 आहे. का? तिने दोन उत्तरं जास्त धरली. चार महिने वाढले, 66 झाले, आणि मूल 70च्या रेषेपलीकडे गेलं. प्रमाणपत्र, सवलती याच रेषेभोवती फिरतात. म्हणून नुसता आकडा बघायचा नाही, उत्तरं बघायची.

पहिलं जास्तीचं उत्तर आकडे परत म्हणण्याचं होतं. आपण मोबाइल नंबर जोड्या-जोड्यांनी सांगतो ना, तसे तिने आकडे वाचले. असं लक्षात ठेवणं सोपं जातं. नियम असा की सेकंदाला एक आकडा, एका सुरात, एकदाच. हे कागदावर कळत नाही. त्यासाठी सीनियरने मुलाच्या मागे बसून ऐकावं लागतं.

दुसरं उत्तर "अजून? म्हणजे कशासाठी वापरतात?" असं विचारून काढलेलं होतं. पुस्तिकेत नसलेला प्रश्न म्हणजे मदतच. मात्र मूल आगरीत किंवा कोळी बोलीत बरोबर बोललं, तर ते बरोबरच. म्हणून उत्तर शब्दशः लिहून घ्यायचं, आणि सीनियरने तिचे गुण झाकून स्वतः गुण द्यायचे. जिथे फरक पडेल, तिथे दोघींनी पुस्तिका उघडायची.

आणि तोच प्रश्न उद्या परत विचारून दुरुस्ती होत नाही, कारण मुलाला आता तो माहीत असतो. शंकेचं उत्तर अहवालात नोंदवायचं, गरज असेल तर वेगळी चाचणी घ्यायची. या चाचणीचे निकष जुने आहेत, आणि अशा निकषांवर गुण जास्त दिसू शकतात. म्हणून घरी-शाळेत मूल काय काय स्वतः करतं, तेही विचारायचं. मगच सही.