“बघू नंतर” म्हटलेल्या तीन फुटांची गोष्ट

मिरजगावहून बोलतेय. आज एका साइट इंजिनिअरची गोष्ट सांगणार आहे. माणूस प्रामाणिक, कामाचा जाणकार. त्याने सांगितलेला बदलही बरोबरच होता. तरी त्या बदलावरून पाच महिने भांडण चाललं. गावाचं आणि माणसांचं नाव घेत नाही, कारण ती सगळी अजून एकमेकांच्या लग्नकार्याला जातात.

एका ग्रामसंघाने तूर ठेवायला गोदाम बांधायला काढलं. ठेकेदार ठरला, करारही कागदावर झाला. देखरेखीला एक तरुण इंजिनिअर फी देऊन नेमला. आठ कॉलम, म्हणून आठ खड्डे. प्रत्येक खड्डा पाच फूट लांब, पाच फूट रुंद आणि चार फूट खोल. काही जादा काम निघालं तर दर ठरलेला होता. खोदाईला घनफुटाला 15 रुपये, पायातल्या साध्या काँक्रीटला 150 रुपये. म्हणजे कागद होता बरं का. लोकांना वाटतं करार केला की सुटलो.

खोदाईच्या दिवशी चार फुटांवर सुद्धा काळी मातीच. इंजिनिअरने पहार मारून पाहिली, सहज आत गेली. आपल्या काळ्या रानाचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. तिच्यावर पाया ठेवला तर दोन-तीन वर्षांत भिंतीला तडे जातात. म्हणून तो म्हणाला, “मुरूम लागेपर्यंत अजून तीन फूट खाली जा, आणि तेवढी जागा काँक्रीटने भरून घ्या.” अध्यक्षताई तिथेच होत्या. त्यांना म्हणाला, “ताई, खर्च थोडा वाढेल.” ताई म्हणाल्या, “वाढू द्या साहेब, पण काम पक्कं करा.” ठेकेदाराने विचारलं, “लिहून देता का?” इंजिनिअरला दुसऱ्या साइटवर जायची घाई. “बघू नंतर, तुम्ही काम थांबवू नका,” म्हणाला आणि गाडीला किक मारली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. भिंत जादा बांधली तर ती उद्याही दिसते, टेप लावता येते. पायाचं तसं नसतं. दोन दिवसांत काँक्रीट भरलं, वर जाळी आली, कॉलम आला, माती ओढली. ते तीन फूट जमिनीच्या पोटात गेले, आणि त्यांचं माप तिघांच्या डोक्यात तीन तऱ्हेचं राहिलं.

चार महिन्यांनी शेवटचं बिल आलं, तेव्हा जादा पायाचे 1,42,560 रुपये लावलेले. ताईंच्या मनात “थोडा” म्हणजे दहा-पंधरा हजार होते. ठेकेदार म्हणाला, माती ढासळली, म्हणून खड्डे सहा बाय सहाचे झाले. सहा गुणिले सहा, गुणिले तीन फूट, गुणिले आठ खड्डे, म्हणजे 864 घनफूट. खोदाई आणि काँक्रीट मिळून दर 165. हिशेब त्याच्या बाजूने चोख होता. इंजिनिअर म्हणाला, छे, पाचच खड्डे खोल नेले. त्याच्या हिशेबाने 375 घनफूट आणि 61,875 रुपये. तोही खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर पाचच खड्डे उघडले होते. उरलेल्या तीन खड्ड्यांसाठी संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला होता आणि त्याने “तसंच करा” म्हटलं होतं. ते तो विसरला होता.

मग काय, ठेकेदाराने छताचे पत्रे अडवले. ग्रामसंघाने इंजिनिअरची 25,000 रुपये फी अडवली. तूर भाड्याच्या खोलीत ठेवावी लागली, महिना चार हजार, पाच महिन्यांचे वीस हजार. बैठकीत बायका ताईंना विचारू लागल्या, तुम्ही कोणाला विचारून होकार दिला? माझ्या मते यातलं सगळ्यात वाईट हेच. पैसा भरून निघतो, पण गटातला विश्वास लवकर येत नाही.

शेवटी एका निवृत्त अभियंत्यांनी तोड काढली. आधी त्यांनी दुकानदाराकडची सिमेंटची चलनं मागवली. अशा साध्या काँक्रीटला एका ब्रासला, म्हणजे शंभर घनफुटाला, साधारण तेरा पोती लागतात. इंजिनिअरचं माप धरलं तर पन्नासच्या आत पोती पुरली असती. ठेकेदाराचं धरलं तर शंभराच्या वर, एकशे बाराच्या आसपास. चलनं निघाली 80 पोत्यांची. म्हणजे साधारण 600 घनफूट. अर्थात पोती दुसरीकडे वापरलेली असू शकतात, म्हणून नुसत्या चलनावर निकाल देता येत नाही. त्यांनी वादातल्या तीनपैकी एका खड्ड्याच्या एका कडेने जपून उकरायला लावलं. काँक्रीट सात फुटांपर्यंत होतं, पण रुंदी पाचच फूट. आठही खड्डे खोल, आणि एकही सहा फुटी नाही. पाच गुणिले पाच, गुणिले तीन, गुणिले आठ, 600 घनफूट. 99,000 रुपयांवर मिटलं. ढासळलेल्या मातीची जादा खोदाई ठेकेदाराने सोडून दिली. एरवीही खोदाईचं माप नकाशातल्या आकारानेच धरायची रीत आहे.

कोर्टात का गेले नाहीत, असं कोणी विचारेल. तोंडी ठरलेलं कायद्यात बादच असतं असं नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 70 आहे. फुकटात करायचं नव्हतं अशा हेतूने कोणी कायदेशीरपणे काम केलं आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. बंगालमध्ये 1944 साली बी. के. मंडल आणि सन्स या ठेकेदारांनी आरामबाग भागात नागरी पुरवठा खात्यासाठी कच्चा रस्ता, पहारेकऱ्याची खोली, साठवणुकीच्या शेड अशी कामं केली. अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं, पण कायद्याला लागतो तसा रीतसर करार झालाच नव्हता. सरकारने तेच कारण पुढे केलं. सर्वोच्च न्यायालयाने ठेकेदाराच्या बाजूने निकाल दिला, तो 1961 मध्ये. रक्कम होती 19,325 रुपये आणि मध्ये गेली सतरा वर्षं. तिथे तर अधिकाऱ्यांची पत्रं सुद्धा होती. आणि दावा करायचा तर काम झाल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत करावा लागतो, हेही माहीत असू द्या.

सरकारी कामावर मोजमाप पुस्तक असतं. झाकलं जाणारं काम झाकायच्या आधी मोजून त्यात लिहायचं असतं. आपल्या कामाला साधी दोनशे पानी वही चालते. त्या इंजिनिअरने त्या दिवशी पहारीजवळ उभं राहून एवढंच लिहायला हवं होतं:

“आज चार फुटांवर काळी माती लागली. आठही खड्डे मुरमापर्यंत, अंदाजे सात फूट न्यावेत. खालचे तीन फूट काँक्रीटने भरावे. आकार पाच बाय पाचच. दर कराराप्रमाणे, अंदाजे वाढ 99,000 रुपये, दोन दिवस जास्त. काँक्रीट भरण्याआधी तिघांसमोर टेप लावून माप घ्यावं.”

खाली तारीख आणि तिघांच्या सह्या. लिहायला दहा मिनिटं लागली असती. आणि 99,000 हा आकडा समोर दिसला असता, तर ताईंनी “वाढू द्या” म्हणण्याआधी बैठक बोलावली असती. कदाचित गोदाम सहा कॉलमांचं केलं असतं, कदाचित पैसे जमेपर्यंत थांबल्या असत्या.

आता त्या ग्रामसंघाची वही ऑफिसात खिळ्याला टांगलेली असते, पेन दोरीने बांधून. परवा शौचालयाच्या खड्ड्याला एक रिंग वाढवायची होती, तर गवंडी स्वतःच म्हणाला, “ताई, आधी वही आणा.”