पंखा बदलायचा, पण कुठल्या खोलीतला?

मागच्या आठवड्यात बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: बीएलडीसी पंखा घेतला तर पैसे खरंच वसूल होतात का, आणि किती दिवसांत? आज तेवढंच बोलू. जाहिरातीतलं उत्तर बाजूला ठेवू आणि गोराईतल्या एका घराचा हिशेब मांडू. घर माझ्या मावशीचं.

गोराईची म्हाडा वसाहत ज्यांनी पाहिलीय त्यांना माहिती आहे. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीनं इथे छोटे छोटे प्लॉट पाडून दिले गेले. लोकांनी त्यावर ऐपतीप्रमाणे घरं बांधली, मग एक मजला चढवला, मग दुसरा. आता भिंतीला भिंत लागलीय. त्यामुळे मावशीच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात भर दुपारीसुद्धा ट्यूब लावावी लागते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर मावशीकडे एक विक्रेता आला. म्हणाला, तीन पंखे, पाच ट्यूब, सगळं बदलून टाका, बिल निम्मं होईल. खर्च साधारण 10,250 रुपये. पंखा 3,000 चा, एलईडी बॅटन 250 ची. मावशी मला म्हणाली, "तू इंजिनिअर आहेस ना, मग सांग, घेऊ का?" काका रिटायर झालेत, त्यामुळे दहा हजार म्हणजे गंमत नाही.

पहिलं काम म्हणजे मोजणी. जुना पंखा किती वीज खातो हे त्याच्यावर लिहिलेलं असतं खरं, पण वीस वर्षांत ते लेबल पुसून जातं. मग काय करायचं? मीटरकडे बघायचं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे एका युनिटला 3200 वेळा लुकलुक. घरातलं सगळं बंद करायचं, फ्रिज आणि वायफायसकट, आणि फक्त एक पंखा फुल स्पीडवर ठेवायचा. मी खाली मीटरपाशी, मावशी वर फोनवर. दिवा लागल्यावर स्टॉपवॉच सुरू केलं आणि पुढच्या 10 लुकलुकींना 150 सेकंद लागले. म्हणजे एकीला 15.

```
3600000 / (3200 × 15) = 75
```

75 वॅट. तुमच्या मीटरवर 3200 ऐवजी दुसरा आकडा असेल तर तो घाला. मीटरला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. ट्यूबला एका लुकलुकीसाठी साडेबावीस सेकंद लागले, म्हणजे 50 वॅट. "ट्यूब तर 36 ची असते" असं तुम्ही म्हणाल. बरोबर, पण वरचा तो जड चोक गरम होतो ना, तोही बिलावरच गरम होतो.

चांगला बीएलडीसी पंखा फुल स्पीडला 30 वॅटच्या आसपास घेतो आणि चार फुटी एलईडी बॅटन 20. म्हणजे पंख्यामागे 45 वॅट वाचतात, ट्यूबमागे 30.

आता दर. इथे लोक हमखास फसतात. एकूण बिलाला युनिटनं भागून दर काढतात, पण स्थिर आकार पंखा बदलून कमी होत नाही. तुमचं वाचलेलं युनिट हे सगळ्यात वरच्या स्लॅबमधलं युनिट असतं. म्हणून बिलावर तुमचा वरचा स्लॅब बघा, त्याचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन यांची बेरीज करा आणि वर 16 टक्के वीज शुल्क लावा. मावशीचं बिल 280 युनिटच्या आसपास येतं, म्हणजे 101 ते 300 चा स्लॅब. सोपं जावं म्हणून आपण 9 रुपये धरू, तुमचा आकडा तुमच्या बिलावरून घ्या. आणि जाता जाता: 300 ओलांडलं की सगळं बिल महाग होतं, हा गैरसमज आहे. वरच्या दराने फक्त वरची युनिटं लागतात.

आता खरा मुद्दा, तास. हॉलचा पंखा दिवसाला 15 तास चालतो. 45 वॅट गुणिले 15 तास, महिन्याला साधारण 20 युनिट, म्हणजे 180 रुपये. तीन हजारांचा पंखा 16-17 महिन्यांत वसूल. बेडरूमचा 9 तास चालतो, त्याला सव्वादोन वर्षं आणि थोडं वर. पण वरच्या खोलीतला पंखा? चुलतभाऊ संध्याकाळी अभ्यासाला बसतो तेवढाच, 3 तास. महिन्याला 36 रुपये वाचतात. वसूल व्हायला सात वर्षं! पंखा तोच, किंमत तीच.

ट्यूबचंही तसंच. स्वयंपाकघरातली 8 तास चालते, ती चार महिन्यांत पैसे परत देते. हॉलची पाच महिन्यांत. बेडरूमची दहा. बाथरूमची अर्धा तास, तिला पाच वर्षं लागतील. ती उडेल तेव्हा बदला.

मग मावशीला सांगितलं, दोन पंखे आणि तीन ट्यूब घे. खर्च 6,750. वाचतात 47-48 युनिट, म्हणजे महिन्याला सव्वाचारशेच्या वर, आणि 16 महिन्यांत मोकळी. उरलेले 3,500 घातले असते तर वर फक्त साडेपाच युनिट मिळाली असती. आणि बिल निम्मं? छे. 280 चे 232 होतात. कारण बाकीचं फ्रिज, मिक्सर, इस्त्री, टीव्ही आहेच की.

ज्यांचं बिल 100 युनिटच्या आत आहे त्यांचा दर बराच कमी असतो, समजा 6 रुपये. मग हॉलच्या त्याच पंख्याला दोन वर्षं लागतात. उलट एसीवाल्यांचा वरचा स्लॅब महाग, त्यांना लवकर वसूल.

आता दोन खाचखळगे. पहिला रेग्युलेटर. बीएलडीसी पंख्याला जुना रेग्युलेटर चालत नाही, त्याचा वेग रिमोटवर असतो. इलेक्ट्रिशियनकडून रेग्युलेटर काढून थेट वायर जोडून घ्यायची. तो मध्ये राहिला तर पंखा अडखळतो, आवाज करतो आणि कधी आतलं सर्किटच जातं. मोजणीतही रेग्युलेटर बघा. जुना, गरम होणारा मोठा ठोकळा असेल तर वेग कमी केला तरी बरीच वीज त्या ठोकळ्यात उष्णता होऊन जाते. नवा इलेक्ट्रॉनिक असेल तर कमी वेगाला जुना पंखाही कमी खातो, आणि तुमची बचत 45 भरत नाही. म्हणून ज्या वेगावर पंखा चालवता त्याच वेगावर मोजा.

दुसरा, वॉरंटी. साधा पंखा बिघडला की कपॅसिटर बदलला, काम झालं. बीएलडीसीत आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड जातं, आणि ते महाग पडतं. खाडीकाठच्या दमट हवेत इलेक्ट्रॉनिक्सचा काय भरवसा? म्हणून माझा नियम असा: वसुलीचा काळ वॉरंटीपेक्षा लहान असेल तरच चालू पंखा काढायचा. बेडरूमसाठी आम्ही तीन वर्षांच्या वॉरंटीचाच पंखा शोधला. 

बसवून झाल्यावर बिल तपासताना रुपये बघू नका, दर बदलत असतो. युनिट बघा, आणि तीही गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची. मेची तुलना जानेवारीशी केलीत तर पंखा बिचारा उगाच बदनाम होईल.