पंच्याण्णवच्या खाली



आजचा विषय गरोदरपणातला कोविड असा आहे. त्यातल्या एकाच गोष्टीपाशी मी जास्त वेळ थांबणार आहे, ती म्हणजे गरोदर बाईचा श्वास. दुसऱ्या लाटेत आपण ज्या बाया गमावल्या, त्यांतल्या कितीतरी जणींच्या बाबतीत घरच्यांची माया कमी पडली नव्हती. श्वासाची घसरण ओळखायला उशीर झाला होता.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने महाराष्ट्रातल्या रुग्णालयांना बरोबर घेऊन प्रेगकोविड नावाची नोंदवही सुरू केली. पहिल्या लाटेत नोंदलेल्या बाधित गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांपैकी साधारण १४ टक्के जणींना लक्षणं होती, तर दुसऱ्या लाटेत सुमारे २९ टक्के जणींना. मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर गेलं. या रुग्णालयांतल्या नोंदी आहेत, घरीच बऱ्या झालेल्या साऱ्या जणी त्यांत नाहीत. तरीही दोन लाटांमधला फरक नजरेआड करता येत नाही.

त्यावेळी लस होती, पण गरोदर स्त्रियांसाठी नव्हती. १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं तेव्हा त्यांना वगळलं गेलं, कारण लसीच्या चाचण्यांतच त्यांना घेतलेलं नव्हतं. परवानगी मिळाली २ जुलैला. तोवर एप्रिल-मे उलटून गेले होते. गरोदर बाईला जपायचं म्हणून संशोधनातून बाहेर ठेवायचं आणि मग तिच्याबद्दल माहिती नाही म्हणून संरक्षणातूनही वगळायचं, ही रीत मला आजही अस्वस्थ करते.

आता श्वासाकडे येऊ. गरोदरपणात शरीराला विश्रांतीतही सुमारे २० टक्के जास्त प्राणवायू लागतो. तो मिळावा म्हणून बाई खोल श्वास घेते. त्याच वेळी वाढणारं गर्भाशय छातीखालचा पडदा वर ढकलतं आणि श्वास सोडल्यावर फुफ्फुसात जी हवा शिल्लक उरते, ती कमी होते. घरातली टाकी लहान केली आणि माणसं वाढवली, तर नळ बंद पडल्यावर पाणी किती लवकर संपेल? तसंच हे आहे. न्यूमोनिया झाला की गरोदर बाईचा प्राणवायू इतरांपेक्षा वेगाने उतरतो. लस नसतानाच्या काळातल्या अमेरिकेतल्या नोंदी हेच सांगतात. लक्षणं असलेल्या दर हजार गरोदर बायांपैकी १० ते ११ जणींना अतिदक्षता विभागात न्यावं लागलं, त्याच वयाच्या इतर बायांमध्ये हा आकडा ४ च्या आसपास होता. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा किंवा पस्तिशीपुढचं वय असेल, तर धोका आणखी वाढतो.

एक प्रसंग कल्पून पाहू. तालुक्याच्या गावातली एक सूनबाई, सातवा महिना, म्हणजे तीस आठवडे झालेले. पहिल्या दिवशी कणकण आणि घसा दुखणं, दुसऱ्या दिवशी चाचणी पॉझिटिव्ह. ऑक्सिमीटर ९८ दाखवतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप १०१, पॅरासिटामॉलने उतरतो, पुन्हा चढतो. पाचव्या दिवशी ताप कमी होतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. सहाव्या दिवशी आकडा ९६. सातव्या दिवशी संध्याकाळी ती न्हाणीघरातून येऊन खाटेवर बसते आणि सासूबाईंना म्हणते, "आई, जरा दमल्यासारखं होतंय." आकडा ९४. सासूबाई म्हणतात, "सातव्यात दम लागायचाच गं. माझं पण असंच होतं." नवरा मोबाइलवर वाचतो की ९० ते ९३ म्हणजे मध्यम आजार. मग ९४ म्हणजे सौम्य. सकाळी बघू, असं ठरतं.

इथेच ती रात्र धोक्याची होते. नवऱ्याने वाचलेलं वर्गीकरण खरंच आहे, पण ते सर्वसाधारण प्रौढांसाठी आहे. गरोदर बाईचा आकडा ९५ किंवा त्याहून वर राहिला पाहिजे. शिवाय हा आकडा सरळ उतरत नाही. ९८ वरून ९४ म्हणजे चारच अंक, असं वाटतं. प्रत्यक्षात रक्तातला प्राणवायूचा दाब तेवढ्यात शंभराच्या आसपासवरून सत्तरच्या घरात आलेला असतो. बाळाला प्राणवायू मिळतो तो या दाबाच्या जोरावर, वारेतून. आई बोलत-चालत असली तरी बाळाच्या वाट्याला आधीच कमी येत असतं.

सासूबाईंचं म्हणणंही निराधार नाही. सातव्या-आठव्यात दम लागतोच. पण तो महिनोन्महिने हळूहळू वाढलेला असतो, जिना चढल्यावर लागतो आणि बसलं की शमतो. दोन-तीन दिवसांत आलेला, बसल्याजागी जाणवणारा, वाक्य मध्येच तोडायला लावणारा दम गरोदरपणाचा नव्हे. ती स्वस्थ बसलेली असताना, तिला न सांगता, पूर्ण एक मिनिट तिचे श्वास मोजा. गरोदरपणात श्वास खोल होतो, त्याची संख्या फारशी वाढत नाही. मिनिटाला २४ किंवा जास्त भरले, तर ऑक्सिमीटर काहीही म्हणो, तिला रुग्णालयात न्यायचं.

ऑक्सिमीटरही नीट वापरावा लागतो. पाच मिनिटं बसू द्या, हात गार असेल तर चोळून गरम करा, आणि आकडा अर्धा-एक मिनिट स्थिर झाल्यावरच लिहा. डोहाळेजेवणाची गडद मेंदी बोटांच्या टोकांवर असेल किंवा नेलपॉलिश असेल, तर आकडा चुकू शकतो. स्वच्छ बोट निवडा, नेलपॉलिश पुसा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. म्हणून काठावरच्या ९५ वर फार विसंबू नये. दिवसातून चार वेळा, आणि पाचव्या ते दहाव्या दिवसांत त्याहून जास्त वेळा, आकडा, ताप आणि श्वास वहीत लिहा. ताप उतरल्यावर वही बंद करू नका. घसरण बहुधा याच दिवसांत होते.

घरची बाकी शुश्रूषा साधी आहे. हवेशीर खोली, एकच काळजी घेणारं माणूस, दोघांनाही मास्क, भरपूर पाणी, पेज, ताक, वरणभात. निजताना डाव्या कुशीवर. तापाला पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी, दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर. अंगदुखीच्या इतर गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला त्रास देऊ शकतात. प्राणवायू चांगला असताना घरी स्टेरॉइड सुरू करणं घातक ठरू शकतं. रक्तदाब, थायरॉइड, साखर यांची चालू औषधं मात्र थांबवायची नाहीत. वाफेने विषाणू मरत नाही, आणि उकळत्या पातेल्यावर वाकलेल्या गरोदर बाया भाजल्याची उदाहरणं आहेत. तेवढं तरी टाळा.

आता बाळाबद्दल. या आजारात विषाणू थेट बाळापर्यंत क्वचितच पोचतो. पण वारेला सूज येऊन तिचं काम बिघडू शकतं, आणि वेळेआधी प्रसूती किंवा पोटातच बाळ दगावण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत डेल्टाच्या काळात बाधित मातांच्या प्रसूतींत मृत जन्माचं प्रमाण २.७ टक्के होतं, बाकीच्यांत ०.६ टक्के. म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर रोज बाळाच्या हालचालींकडे लक्ष हवं. नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर काही खाऊन डाव्या कुशीवर पडा, आणि दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर निघा. उद्याची वाट पाहू नका.

कोविडमध्ये गरोदरपणातला रक्तदाबाचा विकारही जास्त दिसतो, आणि तो ओळखणं अवघड जातं. जोरात डोकं दुखतंय म्हटलं की घरात म्हणतात, कोविडचंच आहे. पण डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, यांतलं काहीही जोडीला असेल तर आधी रक्तदाब तपासून घ्या. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली तर रक्ताच्या गुठळीची शंका घ्यावी, कारण गरोदरपण आणि कोविड दोन्ही रक्त घट्ट करतात. छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, गुंगी किंवा बरळणं, लघवी फार कमी होणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, दिवस भरण्याआधी कळा, तीन दिवसांनीही न हटणारा ताप, यांतली कोणतीही गोष्ट रुग्णालयात जायला पुरेशी आहे.

लसीचा प्रश्न श्रोत्यांमध्ये हमखास येतो. स्कॉटलंडमध्ये लसीकरण सुरू झाल्यानंतर अतिदक्षता विभागात गेलेल्या बाधित गरोदर स्त्रियांपैकी ९८ टक्के जणींनी लस घेतलेली नव्हती. पुढच्या अनेक अभ्यासांत लसीमुळे गर्भपात वाढल्याचं दिसलं नाही. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लस देता येत नसल्यामुळे त्याचं तेवढंच संरक्षण असतं. कोविशील्डसारख्या लसीनंतर फार क्वचित गुठळ्या झाल्या, हे लपवण्याचं कारण नाही. ती भीती होती तेव्हाही गरोदर बाईला आजाराचा धोका कितीतरी मोठा होता. आज विषाणू सौम्य झाला आहे आणि बहुतेकींना आधीची प्रतिकारशक्ती आहे. तरी जागतिक आरोग्य संघटना दर गरोदरपणात, शक्यतो पाचव्या-सहाव्या महिन्यात, एक मात्रा घ्यावी असं सांगते. कोणती लस मिळते आणि आपल्याला लागू आहे का, हे नोंदणीच्या वेळीच डॉक्टरांना विचारा.

त्या सूनबाईकडे परत येतो. समजा, आशाताईंनी वही पाहिली आणि रात्रीच १०८ ला फोन लावला. रुग्णालयात मास्कने प्राणवायू, स्टेरॉइड, गुठळी होऊ नये म्हणून हेपरिन, डाव्या कुशीवर झोपवणं, बाळाच्या ठोक्यांची तपासणी, छातीचा एक्स-रे. पोटावर शिशाचं आवरण असो वा नसो, एका एक्स-रेच्या किरणांनी बाळाला इजा होत नाही. आई सावरली, तर केवळ कोविड आहे म्हणून सिझेरियन करायची गरज नसते. घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी बाळाच्या वाढीची सोनोग्राफी करावी. प्रसूतीच्या वेळी आई बाधित असली तरी मास्क लावून, हात धुऊन तिने बाळाला अंगावर पाजायचं.

फोनवर मात्र "पेशंट सीरियस आहे" एवढंच सांगू नका. सांगा: कितवा महिना, तापाचा कितवा दिवस, बसल्याजागी आकडा किती, मिनिटाला श्वास किती, बाळ फिरतंय का. एवढं ऐकलं की पलीकडचा माणूस प्राणवायूची आणि बाळंतपणाची दोन्ही सोय असलेलं रुग्णालय शोधतो, आणि मधल्या दोन ठिकाणी वाया जाणारे तास वाचतात. निघताना माता-बाल संरक्षण कार्ड, ती वही आणि चालू औषधांची पाकिटं बरोबर घ्या. गाडीत तिला पाठ टेकून बसवा किंवा डाव्या कुशीवर झोपवा, उताणं नको.