संत्र्याचा हिशेब

आजचं बोलणं माझ्या एका गुरुजींसाठी आहे. संध्याकाळी रेडिओ लावायची त्यांची सवय अजून सुटली नसावी, या भरवशावर बोलतो.

गुरुजी, मी पवनी सोडतोय. बुधवारी वरठीहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुण्याला, लेकीकडे.

तुम्ही आम्हा सातवीच्या पोरांना वैनगंगेवर नेलं होतं. नदी किती वेगानं वाहते ते मोजायला. बाजेच्या दोरीनं काठावर वीस मीटर मोजून दोन खुंट्या ठोकल्या. मी वाळकी काडी टाकली, तर वारा तिला उलटी ढकलू लागला. तुम्ही हसलात आणि पिशवीतून संत्रं काढलंत. संत्रं बरंचसं पाण्यात बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. आमचं लक्ष मात्र ते खायला कधी मिळतं याकडे. काठाशी पाणी रेंगाळतं म्हणून ते मधल्या धारेत, वरच्या खुंटीच्याही थोडं मागे सोडायचं. तीनदा मोजलं: ४१, ३८, ४१ सेकंद. सरासरी ४०, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. मग तुम्ही म्हणालात, हा वरच्या पाण्याचा वेग झाला. खालचं पाणी गोटे घासत येतं, म्हणून साधारण पंधरा टक्के कापा.

पुढे मी पाटबंधाऱ्यात कालवा निरीक्षक झालो. शेवटच्या बांधीला पाणी पोचत नाही अशी तक्रार आली, की कालव्यात दोन ठिकाणी हेच करायचो. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार करायचा. मधे कुठला फाटा नसताना खालचा आकडा बराच कमी आला, तर पाणी मधेच कुठं तरी जातंय. मग पाळीवरून चालत शोधायचं. साहेब लोक कागदावरचा आकडा मानत. माझा विश्वास संत्र्यावर.

इतकी वर्षं आलो का नाही, तेही सांगतो. २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींनी गोसीखुर्दची पायाभरणी केली. पुढे पाणी चढलं आणि आपली शाळा त्यात गेली. तुमचं घरही. मी त्याच खात्याचा माणूस. धान पिकवणाऱ्याला पाणी हवं, हे मला आजही पटतं. पण तुमच्यासमोर बसून ते बोलायचं धाडस झालं नाही. पुनर्वसनातल्या तुमच्या गल्लीच्या तोंडाशी दोनदा येऊन परतलो.

मागच्या रविवारी डोंग्यानं शाळेच्या अंदाजानं गेलो. धरणाला तेहतीस दारं, पण इथं थोपलेल्या पाण्याला त्यांची खबर नाही. संत्रं सोडलं. सेकंद मोजत राहिलो, ते डोंग्यालाच टेकून राहिलं. तीनदा मोजायचा तुमचा नियम, म्हणून उचलून पुन्हा टाकलं. तेच झालं.

तिसऱ्यांदा टाकलं ते उचललं नाही. येतो, गुरुजी.